निळ्या गळ्याचा पाहुणा

देव कधीही दारात येईल, या धास्तीत माझं लहानपण गेलं आणि ते फार मजेत गेलं.

आमचं गाव लासूर स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती, तरी घरातली मोठी माणसं काळ मोजताना ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शनच्या नंतर’ असाच मोजत. घरात दादा म्हणजे माझे वडील, आई, मी, माझी धाकटी बहीण आणि आत्या. आत्या दादांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. स्वयंपाकघर आईचं होतं, पण श्रावण महिना आत्याचा.

श्रावणात दुपारची कामं उरकली की आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमायच्या. आत्या प्रत्येकीच्या हातावर चार दाणे ठेवायची आणि कहाणी सांगायची. वार बदलला की व्रत बदलायचं, पण आत्याच्या बहुतेक कहाण्यांत एक गोष्ट ठरलेली असायची. कुणीतरी दारात येतं आणि भाकरी मागतं. तो देव असतो आणि घरातल्या कुणालाच ते ठाऊक नसतं.

ऐकून ऐकून या देवांची रीत आम्हा दोघी बहिणींना तोंडपाठ झाली होती. देव सोयीच्या वेळी कधी येत नाही. चूल विझलेली असते, पीठ डब्याच्या तळाशी गेलेलं असतं, नाहीतर बाई एकटी असते, तेव्हा तो येतो. रूपही असं घेतो की बघून नाक मुरडावं. म्हातारा, भिजलेला, अंगावर खरजेचे फोड, पायाला चिखल. आणि घरात जे नाही नेमकं तेच मागतो. श्रीमंताच्या दारी गेला तर तिथली बाई भरल्या कणगीपुढं उभी राहून ‘नाय’ म्हणते, मग त्या घरात खरोखरच नाही होतं. गरिबाच्या दारी गेला तर गरीब बाई मुलाच्या ताटातली भाकरी मोडून देते, आणि रात्री टोपल्यात हात घालते तर टोपलं भरलेलं. नाव, गाव, जात विचारायची ती जेवण झाल्यावर. पाहुण्यानं हात धुतल्याशिवाय देवसुद्धा आपलं नाव सांगत नाही. “म्हणून तर त्याला अतिथी म्हणायचं,” आत्या सांगायची. “त्याला येण्याची तिथी नसती अन् आपल्याला इच्यारायची सवड नसती.”

आईला या कहाण्या आवडायच्या, पण सगळ्याच नाही. दत्तजन्माची तिची लाडकी. तीन देव भिक्षेकरी होऊन सतीच्या दारी येतात, वाढायला अशी काही अट घालतात की कुठलीही बाई लाजेनं मरून जावी. सती नाही म्हणत नाही आणि अब्रूही सोडत नाही. ती त्यांच्यावर पाणी शिंपडते, देवांची तान्ही बाळं होतात आणि ती आई होऊन त्यांना पाजते. “हे बरं केलं,” आई म्हणायची. “चावट पाव्हणा आला तर त्याला पाळण्यात टाकावं.”

पण श्रावणातल्या षष्ठीला आत्या दुसरी एक कहाणी सांगायची. शंकर गोसावी होऊन एका राजाराणीकडं येतो आणि जेवायला त्यांच्या एकुलत्या एका पोराचं मांस मागतो. राजाराणी वचनाला जागतात. राणी पोराला उखळात कांडते, डोळ्यांतून पाणी येऊ देत नाही. मग गोसावी पानावर बसून म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, पोराला हाक मार. ती हाक मारते आणि पोर धावत येतं. या कहाणीला आळीतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि आई तरातरा उठून गोठ्यात जायची.

“असला पाव्हणा माझ्या दारात आला ना,” ती तिथून ओरडायची, “तर मुसळ त्याच्याच टाळक्यात घालीन. देव असूं दे न्हाईतर आणखी कुणी!”

आत्या हसायची. रागवायची नाही.

देव ओळखायच्या खुणाही आत्यानंच सांगितलेल्या होत्या. देवाची पापणी लवत नाही. त्याची सावली पडत नाही. त्याच्या अंगावरचं फूल सुकत नाही. दारात आलेल्या प्रत्येकाला आम्ही या खुणा लावून बघत असू. वासुदेव आला की धाकटी त्याच्या सावलीवर पाय ठेवून बघायची. सावली पडलीच की तिचा चेहरा उतरायचा. नंदीबैलवाल्याच्या डोळ्यांत मी इतका वेळ पाहत राहिले की त्यानं आईला विचारलं, “पोरीला नजर लागली का व्हय?”

असा एक श्रावणी सोमवार होता. आभाळ भरून आलेलं, पाऊस पडून गेलेला. दादा वखर घेऊन रानात होते. आत्याचा उपास होता. सोमवार संध्याकाळी सुटायचा, म्हणून चूल थंड होती. बायका कहाणी ऐकून घरोघर गेल्या आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर ओलंकच्च धोतर, पाठीवर एक मोठं बोचकं, त्यातून पाणी गळतंय.

“माय, भाकरी हाय का?” तो म्हणाला. “सकाळधरनं पोटात काय न्हाई.”

आत्या लगेच उठली. “बसा. पाय धुवा. चूल पेटवते.”

धाकटीनं त्याला तांब्या नेऊन दिला. तो वाकून पाय धुऊ लागला आणि ती धावतच आत आली. तिचे डोळे इतके मोठे झाले होते की मी घाबरले.

“अक्का,” ती कुजबुजली, “त्याचा गळा निळा हाय.”

मी खांबाआडून पाहिलं. खरंच होतं. कानामागून खाली गळ्यापर्यंत निळा रंग, कुठं फिका, कुठं गडद. श्रावणी सोमवार, निळा गळा, थंड चूल, चिखलाचे पाय. कुठं म्हणून कसर राहिली नव्हती.

तरी आम्ही तपासलं. सावली पाहिली तर पडलेली नव्हती. आभाळात सूर्यच नव्हता, पण हे तेव्हा सुचलं नाही. परसातलं तगरीचं फूल धाकटीनं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते हसून कानावर खोचलं आणि ते सुकलं नाही. मग मी त्याच्यासमोर बसून थेट डोळ्यांत पाहिलं. त्यानंही माझ्याकडं पाहिलं. मी पाहतेय, तो पाहतोय. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्याची पापणी हलली नाही. जणू दगडाची मूर्ती. मी उठून आईजवळ गेले आणि म्हणाले, “आई, आता नीट वाग.”

आत्यानं बाजरीची भाकरी थापली, पिठलं टाकलं. पाट मांडून त्याला ओसरीवर, जिथं दादा बसत तिथंच बसवलं. त्या काळी आलेल्याची जात विचारून ताट वेगळं काढायची रीत होती. आत्यानं विचारलं नाही. पाहुण्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, मग उघडून म्हणाला, “माय, एखादा कांदा असंल का?”

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. चातुर्मासात आत्याच्या चुलीजवळ कांदा येत नसे. त्यात श्रावणी सोमवार! पण परसातल्या चाळीत मात्र कांदाच कांदा होता, कारण दादा कांदाच लावायचे. देवानं अगदी नेमकं तेच मागितलं होतं. मी आत्याकडं पाहिलं. तिनं क्षणभर चुलीकडं पाहिलं, मग मला म्हणाली, “जा, चांगला मोठा बघून आण.”

पाहुण्यानं बुक्की मारून कांदा फोडला आणि चवीनं खायला लागला. मग त्याला थंडी वाजायला लागली. “एखादं कोरडं धडुतं असंल तर बघा,” तो आईला म्हणाला. “बोचक्यातलं समदं भिजलंय.”

आई दादांचा जुना सदरा शोधू लागली. जुने दोन्ही धुऊन ओले वाळत होते. पेटीत एकच सदरा कोरडा होता. पोळ्यासाठी वैजापूरहून शिवून आणलेला, अजून अंगाला न लागलेला.

“हा न्हाई द्यायचा,” आई म्हणाली.

“आई!” आम्ही दोघी एकदम रडकुंडीला आलो. “देऊन टाक! कणगी रिकामी व्हईल! पोरगं तर न्हाई ना मागितलं त्यानं!”

आईनं आमच्याकडं पाहिलं, ओसरीवर कुडकुडणाऱ्या माणसाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं सदरा पुढं केला.

तेवढ्यात दादा रानातून आले. अंगणात उभं राहून त्यांनी आपल्या जागेवर, आपल्या पाटावर, आपला कोरा सदरा घालून कांदा खात बसलेला माणूस पाहिला. कानावर तगरीचं फूल.

“हे कोण?”

“दादा, हळू बोला,” धाकटी त्यांचा हात धरून म्हणाली. “शंकर हायेत.”

दादांनी बैलाचा कासरा खुंटीला लावला. “बरं,” ते म्हणाले. “पण शंकराला माझाच सदरा सापडला व्हय?”

पाहुण्यानं हात धुतले. आता नाव सांगायची वेळ झाली, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही दोघींनी पुढं होऊन साष्टांग दंडवत घातलं. धाकटीनं जमिनीला कपाळ टेकून तसंच वर मागितलं, “देवा, आमच्या गाईला कालवड व्हऊं द्या, आन् मला बोरमाळ.”

तो माणूस असा दचकला की तांब्या कलंडला. “काय झालं लेकरांनो? कोण देव?”

“तुमचा गळा निळा हाय,” मी म्हणाले.

त्यानं गळ्यावर हात फिरवला, बोटं पाहिली आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. आत्यानं त्याला पाणी दिलं. मग त्यानं बोचकं ओढून गाठ सोडली. आतून अंबाडीच्या जटा निघाल्या, पाण्यानं लिबलिबीत झालेल्या. पत्र्याची चंद्रकोर निघाली. कापूस भरलेला एक कापडी नाग निघाला, तो तर पाणी पिऊन चांगला अजगर झाला होता.

“रायरंद हाय मी, बाळांनो. बहुरूपी. आन् ही कपड्याची नीळ. ओढ्यात घासघास घासली, पर निघत न्हाई.”

“मग पापणी?” मला राहवेना.

“पापणी तर आमच्या बापानं शिकवली. समाधीतल्या शंकराची पापणी लवली तर लोकं पैसा टाकतील का?”

धाकटीनं भोकाड पसरलं. तिची बोरमाळ गेली होती. आई मात्र पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली होती आणि तिचे खांदे हलत होते.

मग त्यानं सकाळची हकीकत सांगितली. पलीकडच्या गावात तो शंकर होऊन फिरला. लोकांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं, बायकांनी तान्ही पोरं त्याच्या पायावर ठेवली. पाऊस आला, रंग ओघळला, म्हणून त्यानं सोंग उतरवलं आणि त्यातल्याच एका घरी जाऊन भाकरी मागितली. ज्या बाईनं सकाळी आरती ओवाळली होती, तिनंच ‘पुढं जा’ म्हणून दार लावलं. “तिची चूक न्हाई,” तो म्हणाला. “तिनं ओळखलंच न्हाई. सोंगात असलो की मी दिसतो. सोंग उतरलं की कुणालाच दिसत न्हाई.” हे त्यानं रडून नाही, गमतीनं सांगितलं, आणि नाग पिळून वाळत टाकला.

आईनं मग त्याला षष्ठीच्या कहाणीबद्दल विचारलं. तिच्या मनात ती सलत होती. “ते सोंग बी करता का?”

“करायचो की. आमचा बाप गोसावी व्हायचा आन् मी ते पोरगं. उखळामागं लपून बसायचं. बायका रडायच्या, मला आतून हसू फुटायचं. मग आईची हाक आली की वाऱ्यासारखं पळत सुटायचं.” त्यानं वाळत टाकलेला नाग उलटा केला. “वैनी, लोकं त्या मरणाला रडत न्हाईत. पोरगं पळत येतंय, तवा रडत्यात. त्याच्यासाठीच ऐकत्यात.”

पुढच्या वर्षीपासून आई त्या कहाणीला शेवटपर्यंत बसू लागली, उखळाच्या भागाला कान झाकून.

दादांनी सदरा परत मागितला नाही. पण फुकट घ्यायचं बहुरूप्याच्या मनाला पटेना. दिवस मावळायच्या आत त्यानं अंगणात सोंग केलं. तोच कोरा सदरा, दादांचाच पटका, कमरेला बैलाचा पट्टा. फौजदार होऊन तो आला आणि त्यानं दादांनाच पकडलं. “ह्या सदऱ्याच्या चोरीचा तपास चाललाय! सदऱ्याचा मूळ मालक कोण? तूच? मंजी चोराला वळखतोस! चल चावडीवर!” दादा हात जोडून गयावया करू लागले, आळी हसून लोळत होती. त्या दिवशी आत्याचा सोमवार उशिरा सुटला, कारण तिला घास तोंडात धरवत नव्हता.

झोपायच्या आधी मी आत्याला विचारलं, “तुला कधी कळलं तो देव न्हाई ते?”

“दारातच. बोचक्यातनं चंद्र डोकावत व्हता.”

“मग कांदा कशाला दिलास?”

तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. रझाकारांच्या धामधुमीत ती आणि माझी आजी निजामाची सरहद्द ओलांडून येवल्याकडं पळाल्या होत्या, ते तिनं त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं. अंगावर धड लुगडं नव्हतं. एका घरासमोर थांबल्या तर तिथल्या बाईनं काही न विचारता ताटं मांडली. “माझी आई सारखी म्हणत व्हती, आमी चांगल्या घरच्या हाओत, आमची जमीन हाय. ती बाई म्हणली, आधी जेवा. तवापातुर मी कहाणी नुसती तोंडानं सांगायची गं. देवाला कुठं भूक लागती? त्याला न्हाई मिळालं तर तो वैकुंठात जाऊन जेवंल. आपण कुठं जेवायचं?”

आणि ती घोरायला लागली.

बहुरूपी मग दरवर्षी यायला लागला, पण कधीही सांगून नाही आणि कधीही त्याच रूपात नाही. एकदा जडीबुटी विकणारा वैदू होऊन आला. एकदा कमरेत वाकलेली म्हातारी होऊन आला आणि आईच्या हातून दात नसल्यासारखं कालवून जेवला. निघताना ताठ उभा राहिला तेव्हा आई किंचाळली. फसलो की तो असा हसायचा की आळीत तोंड दाखवणं मुश्कील व्हायचं. परिणाम असा झाला की दारात कुणीही आलं, तरी आम्ही त्याला आधी जेवायला बसवू लागलो. नकोच ती फजिती. देवाच्या कोपाला आई फारशी भ्यायली नव्हती, पण या माणसाच्या हसण्याला भिऊन होती.

यातूनच एकदा मोठा घोटाळा झाला. भर दुपारी एक माणूस दारात आला. खाकी कोट, पायांत बूट, हातात छडी आणि ओठांवर भल्या मोठ्या पिळदार मिशा. “मी गिरदावर,” तो गरजला. “पीकपाहणीला आलोय. घरमालक कुठंय?”

आम्ही दोघी एकमेकींकडं पाहून फुटलो. “आलाव का!” मी म्हणाले. “या वर्षी कोट बरा मिळवला!”

“काय?”

“आवाज बी मस्त काढलाय,” धाकटी म्हणाली, आणि ओट्यावर चढून तिनं त्या मिशा धरून जोरानं ओढल्या.

मिशा निघाल्या नाहीत. माणूस मात्र ‘आय गं’ करून ओरडला. त्याच वेळी दादा धावत आले आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की हे साहेब महसुलाचे खरेखुरे गिरदावर आहेत. दादांनी धाकटीला ओट्यावरून खाली ओढलं. साहेबांनी छडी ओट्यावर आपटली. “सरकारी माणसाच्या मिशीला हात?”

आत्या ओसरीवर आली. तिनं गडबड ऐकली होती, पण तिकडं तिचं लक्षच नव्हतं. साहेबांच्या धुळीनं भरलेल्या बुटांकडं आणि वाळलेल्या ओठांकडं ती पाहत होती.

“सायब, जेवलाव का?”

“बाई, मी कोण आहे ते तरी…”

“ते मग सांगा. आधी हात धुवा.”

साहेब काहीतरी बोलणार होते, पण आतून पिठल्याला दिलेल्या जिऱ्या-मिरचीच्या फोडणीचा वास आला. ते सकाळी निघालेले, तीन गावं फिरून आलेले, आणि गावोगाव त्यांना पाहून माणसं रानात पळालेली. जेवायला कुणी विचारलंच नव्हतं. ते बूट काढून पाटावर बसले. अर्धी भाकरी त्यांच्या पोटात गेली. मग दादांनी चाचरत सगळी कथा सांगितली. निळा गळा, सदरा, म्हातारी, सगळं. साहेब ऐकत होते, मिशी चोळत होते, आणि अचानक त्यांना असं हसू आलं की पाण्याचा घोट नाकात गेला.

निघताना ते धाकटीला म्हणाले, “तो तुमचा बहुरूपी आला ना, तर त्याला सांग, गिरदावराचं सोंग घ्यायचं न्हाई. एवढ्या मिशीला लई वर्षं लागलीत.”

तिनं तो निरोप अगदी तसाच्या तसा पोचवला. पुढच्या श्रावणात दारात खाकी कोट, बूट, छडी आणि पिळदार मिशा उभ्या. आम्ही दोघी खांबामागं दडलो. खरे की खोटे? हात लावायची कुणाची छाती नव्हती. आईनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं चुलीत फुंकर घातली आणि म्हणाली, “दोघांपैकी कुणी बी असूं दे. दोघं बी पिठलंच खात्यात.”

तो जेवला. हात धुतले. मग मिशी काढून धाकटीच्या हातात ठेवली.